तेजीतील माघार मोजताना एटीआर चॅनेल घ्यावा की प्रमाण विचलनाचे पट्टे?

प्रश्न: बिटकॉइनच्या दैनिक चार्टवर तेजीत आलेली माघार खरेदीयोग्य आहे की कलच मोडतो आहे, हे ठरवण्यासाठी मी बोलिंजर बँड वापरतो. जोरदार तेजीत भाव खालच्या पट्ट्यापर्यंत कधी येतच नाही, आणि मंद तेजीत मात्र वारंवार येतो. एटीआरवर, म्हणजे भावाच्या रोजच्या हेलकाव्याच्या सरासरीवर, आधारलेला चॅनेल यापेक्षा बरा आहे का?

उत्तर: माघारीची खोली मोजण्यासाठी आणि स्टॉप-लॉस कुठे ठेवायचा हे ठरवण्यासाठी एटीआर अधिक भरवशाचा आहे. मात्र त्या माघारीने आधीच्या तेजीचा किती भाग खाल्ला, हे एटीआर सांगत नाही. ते प्रमाण विचलनाचे पट्टे, म्हणजे बोलिंजर बँड, सांगतात. आपल्याला जी विसंगती जाणवते आहे, ती बँडचा दोष म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे एक साधे गणित आहे आणि ते एकदा ध्यानात आले की दोन्ही साधनांचे काम आपोआप वेगळे होते.

बोलिंजर बँड म्हणजे 20 दिवसांच्या बंद भावांची साधी सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना 2 प्रमाण विचलने. हे विचलन त्या सरासरीपासून मोजले जाते, आणि भाव जेव्हा सतत चढत असतो तेव्हा 20 दिवसांपूर्वीचा बंद भाव सरासरीच्या बराच खाली आणि आजचा बराच वर असतो. म्हणजे बाजारात रोजची चलबिचल अजिबात नसली, भाव पट्टीने आखल्यासारखा सरळ रेषेत चढत असला, तरी प्रमाण विचलन शून्य येत नाही. कलाचा चढ स्वतःच त्यात मोजला जातो. भाव रोज ठराविक रकमेने वाढत असेल तर 20 दिवसांचे प्रमाण विचलन त्या रोजच्या वाढीच्या सुमारे 5.77 पट येते, आणि सरासरी आजच्या भावाच्या 9.5 दिवसांच्या वाढीइतकी मागे राहते. दोन विचलने म्हणजे 11.53 दिवसांची वाढ. ती या 9.5 मध्ये मिळवली की खालचा पट्टा आजच्या भावापासून साधारण 21 दिवसांच्या वाढीइतका खाली पडतो. दुसऱ्या शब्दांत, स्वच्छ तेजीत खालचा बोलिंजर बँड म्हणजे जवळजवळ 21 दिवसांपूर्वीचा भाव. तेजी जितकी वेगवान, तितका तो पट्टा दूर जातो, आणि भावाने तिथे येण्यासाठी तीन आठवड्यांची सगळी कमाई परत द्यावी लागते. अशा तेजीत तिथे भाव आला तर त्याला माघार म्हणणे मला पटत नाही. तोवर कल बहुधा संपलेला असतो.

एटीआर या बाबतीत दिशेला आंधळा आहे, आणि इथे तेच उपयोगी पडते. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक, उच्चांक आणि आदल्या बंद भावातील अंतर, नीचांक आणि आदल्या बंद भावातील अंतर, या तिघांपैकी सर्वांत मोठा आकडा म्हणजे त्या दिवसाची खरी व्याप्ती. त्याची 14 दिवसांची गुळगुळीत केलेली सरासरी म्हणजे एटीआर. भाव 20 दिवसांत कुठून कुठे गेला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एका दिवसात भाव साधारण किती हेलकावतो, एवढेच तो सांगतो. क्रिप्टो बाजार चोवीस तास चालत असल्यामुळे शेअर बाजारासारख्या रात्रीच्या गॅप इथे नसतात. म्हणून व्याख्येतील शेवटच्या दोन अंतरांचा प्रसंग क्वचितच येतो आणि खरी व्याप्ती बहुतेक दिवशी उच्चांक वजा नीचांक इतकीच असते.

आता एकच माघार दोन वेगळ्या तेजींवर ठेवून पाहू. आकडे केवळ हिशोबासाठी घेतले आहेत. दोन्ही बाबतीत शिखराच्या दिवशी बंद भाव 76,000 डॉलर, त्या दिवसाचा उच्चांक 76,600 आणि एटीआर 2,400 आहे. फरक इतकाच की पहिल्या तेजीत भाव रोज 800 डॉलरने चढत आला आहे आणि दुसऱ्या तेजीत रोज 300 डॉलरने. त्यानंतर दोन्हीकडे तंतोतंत सारखी तीन दिवसांची घसरण होते. बंद भाव अनुक्रमे 74,200, 72,000 आणि 71,000 येतात. त्या दिवसांची व्याप्ती 2,600, 3,200 आणि 2,700 आहे, आणि तिसऱ्या दिवशीचा नीचांक 70,200 आहे.

एटीआरच्या बाजूने पाहिले तर दोन्ही घसरणी सारख्याच आहेत. उच्चांकापासून नीचांकापर्यंत 6,400 डॉलर, म्हणजे शिखरावरच्या एटीआरच्या 2.67 पट. तीन दिवसांनंतर एटीआर स्वतः 2,487 झालेला असतो; त्याने भागले तर 2.57 येतात, म्हणजे फार फरक पडत नाही.

प्रमाण विचलनाच्या बाजूने मात्र चित्र पूर्ण बदलते. वेगवान तेजीत तिसऱ्या दिवशी 20 दिवसांची सरासरी 70,020 आणि विचलन 3,785 येते. बंद भाव अजून सरासरीच्या 0.26 विचलन वर आहे, दिवसाचा नीचांकही मधल्या रेषेच्या 180 डॉलर वरच थांबला आहे, आणि खालचा पट्टा 62,450 च्या आसपास, म्हणजे कुठल्या कुठे आहे. मंद तेजीत सरासरी 73,420 आणि विचलन 1,512 येते. तोच 71,000 चा बंद भाव आता सरासरीच्या 1.60 विचलन खाली आहे, आणि 70,200 चा नीचांक 70,395 वरच्या खालच्या पट्ट्याला भेदून गेला आहे. हीच ती आपल्याला जाणवलेली विसंगती.

आता या दोन उत्तरांपैकी चूक कोणते? माझ्या मते एकही नाही. 76,000 वरून 71,000 वर येणे म्हणजे वेगवान तेजीतील सुमारे सव्वासहा दिवसांची कमाई परत देणे, आणि मंद तेजीतील जवळजवळ सतरा दिवसांची. रोजच्या हेलकाव्याच्या मापाने दोन्ही धक्के सारखे असले तरी दुसऱ्या तेजीचे त्या धक्क्याने फार मोठे नुकसान केले आहे. एटीआर ही घसरण बाजाराच्या नेहमीच्या गोंगाटाच्या तुलनेत किती मोठी आहे ते सांगतो, आणि प्रमाण विचलन ती घसरण या विशिष्ट तेजीच्या तुलनेत किती मोठी आहे ते सांगते. चूक तेव्हा होते, जेव्हा आपण दुसऱ्या मापाला पहिला प्रश्न विचारतो: खालच्या पट्ट्याला भाव टेकला म्हणजे तो ‘स्वस्त’ झाला, असे समजून मंद आणि आधीच थकलेल्या तेजीत खरेदी करतो, आणि जोमदार तेजीत पट्ट्याची वाट पाहत बाहेर बसतो.

वरच्या उदाहरणात भाव रेषेवरून चालतो, खरा भाव तसा चालत नाही, हे खरे आहे. प्रत्यक्षात रेषेभोवतीच्या चलबिचलीचा वर्ग कलाच्या विचलनाच्या वर्गात मिळतो, आणि एकूण विचलन त्या बेरजेचे वर्गमूळ असते. ही चलबिचल दोन्हीकडे 1,500 डॉलर धरली, तर शिखराच्या दिवशीचे वेगवान तेजीतील विचलन 4,613 वरून 4,851 होते, म्हणजे जवळपास तेवढेच राहते. मंद तेजीतील मात्र 1,730 वरून 2,290 वर जाते. त्यामुळे खऱ्या चार्टवर दोन तेजींतील फरक थोडा सौम्य दिसतो. दिशा तीच राहते: तेजी जितकी तीव्र, तितका पट्ट्यांच्या रुंदीतला कलाचा वाटा मोठा आणि गोंगाटाचा लहान.

म्हणून मी माघार मोजताना शिखराच्या दिवशीचा एटीआर गोठवून ठेवतो आणि उच्चांकापासूनची खोली त्याच्या पटीत लिहितो. एक एटीआरच्या आतल्या हालचालीला मी माघार म्हणतच नाही, कारण ती एका सामान्य दिवसाची उलाढाल आहे. दोन ते तीन एटीआर हा माझ्यासाठी विचार करण्याचा टप्पा आहे. चारच्या पुढे गेल्यावर मी ती माघार समजून खरेदी करत नाही. या मर्यादा माझ्या कामातून आलेल्या आहेत, त्यांना नियमाचे बळ नाही. आपल्या नाण्यावर आणि आपल्या कालमानावर त्या तपासून घ्याव्यात. त्यानंतर दुसरी पायरी म्हणून बंद भाव 20 दिवसांच्या सरासरीपासून किती विचलने दूर आहे ते पाहतो. खोली दोन-तीन एटीआर आणि बंद भाव अजून सरासरीच्या वर किंवा तिच्या जवळ असेल, तर धक्का खरा आहे पण तेजी शाबूत आहे. खोली तेवढीच आणि बंद भाव दीड विचलन खाली असेल, तर तेजीचा बहुतेक भाग गेला आहे, आणि तिथे खरेदी करणारा माणूस माघारीवर नव्हे, तर दिशाहीन बाजारातील उसळीवर पैसे लावत असतो. उसळीचा सौदा करण्यास माझी हरकत नाही, पण त्याचे लक्ष्य आणि मुदत वेगळी असायला हवी.

गोठवण्याचा आग्रह का, तेही सांगतो. घसरण तीव्र असेल तर प्रमाण विचलन घसरणीबरोबरच फुगते आणि खालचा पट्टा भावाच्या पुढे पुढे खाली पळू लागतो. आज ‘पट्टा अजून 3,000 डॉलर खाली आहे’ असे दिसते, उद्या भाव 3,000 पडतो आणि पट्टाही 2,000 खाली सरकलेला असतो. मोजपट्टी मोजायच्या वस्तूबरोबर ताणली जाते. याची टोकाची मर्यादा गणिताने बांधलेली आहे. चालू दिवसाचा बंद भाव स्वतःच त्या 20 भावांमध्ये असल्यामुळे, तो कितीही कोसळला तरी सरासरीपासून 4.36 पेक्षा जास्त विचलने दूर जाऊच शकत नाही, कारण 19 चे वर्गमूळ तेवढेच आहे. ‘पाच सिग्माचा दिवस’ बोलिंजर बँडवर दिसणे शक्य नाही. म्हणून कोसळण्याच्या दिवशी बँडचे आकडे एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि कमी वाईट व अति वाईट यांतला भेद पुसला जातो. गोठवलेला एटीआर तो भेद स्पष्ट ठेवतो.

एटीआरचीही मोठी उणीव आहे आणि मोठ्या, चंचल नाण्यावर ती प्रकर्षाने जाणवते. त्याला विक, म्हणजे कँडलच्या वर-खाली निघालेली उच्चांक-नीचांकाची बारीक रेघ, दिसते. 19 मे 2021 रोजी बिटकॉइन सुमारे 43,000 डॉलरवरून दिवसभरात सुमारे 30,000 पर्यंत गेला आणि सुमारे 37,000 वर बंद झाला. बंद भावांवर चालणाऱ्या प्रमाण विचलनाला त्या दिवशी साधारण 6,000 डॉलरची घसरण दिसली. खऱ्या व्याप्तीला मात्र 13,000 पेक्षा जास्त. 14 दिवसांच्या एटीआरमध्ये अशा दिवसाचा चौदावा भाग, म्हणजे सुमारे 930 डॉलर, त्याच दिवशी शिरतो, आणि तो पुढे हळूहळूच विरतो. वाइल्डर यांनी 1978 मध्ये एटीआर मांडला तेव्हा जी गुळगुळीत करण्याची पद्धत दिली, तिच्यात जुन्या मूल्याला दररोज 13/14 ने गुणले जाते. त्यामुळे एका धक्क्याचा निम्मा ठसा जायला नऊ-साडेनऊ दिवस लागतात, आणि 20 दिवसांनंतरही सुमारे 23 टक्के शिल्लक असतो. लिव्हरेजवरील सौदे सक्तीने बंद होऊन पडलेली अशी एकच विक पुढचे दोन-तीन आठवडे एटीआर फुगवून ठेवते. त्या काळात आलेली खोल माघार ‘फक्त दीड एटीआर’ वाटते, आणि दोन एटीआरचा स्टॉप-लॉस नको तितका लांब बसतो. मी स्वतः अशा काळात पटीवर विश्वास ठेवून नेहमीच्या दुपटीचा तोटा घेतला आहे, कारण सौद्याचा आकार मात्र मी त्या प्रमाणात कमी केला नव्हता.

यावर दोन उपाय मला उपयोगी वाटले. एक म्हणजे कोणत्याही दिवसाची खरी व्याप्ती आदल्या एटीआरच्या तिपटीवर कापून मग सरासरी काढणे. दुसरा म्हणजे सरासरीऐवजी गेल्या 14 व्याप्तींचा मध्यक घेणे, ज्यावर एखाद्या दिवसाचा परिणाम जवळजवळ होत नाही. मी पहिला वापरतो, कारण बाजाराची चंचलता खरोखर वाढली असेल तर मध्यक तिकडे उशिरा वळतो. नेहमीचा आणि कापलेला एटीआर शेजारी ठेवले की त्यांच्यातील अंतरावरूनच कळते की आताची व्याप्ती रोजच्या व्यवहारातून आली आहे की एका विकमधून.

प्रमाण विचलनाला विक दिसत नसली तरी मोठा बंद भाव त्यात ठराविक 20 दिवस पूर्ण वजनाने राहतो आणि एकविसाव्या दिवशी एकदम गळतो. त्या दिवशी बाजारात काहीही घडले नसताना पट्टे अचानक आकसतात. पट्टे आकसल्यामुळे भाव एका रात्रीत ‘पट्ट्याच्या जवळ’ आलेला दिसला, तर 20 दिवस मागे जाऊन कोणती कँडल खिडकीबाहेर पडली ते पाहावे.

हिशोबाच्या बारीक गोष्टींपैकी एकच सांगण्यासारखी आहे. चार्टिंग संकेतस्थळांवरील बोलिंजर बँड बहुधा 20 ने भागून विचलन काढतात, तर पायथनमधील पांडास न सांगितल्यास 19 ने भागते, आणि दोहोंत सुमारे 2.6 टक्क्यांचा फरक पडतो. एटीआरसाठी काही ठिकाणी साधी सरासरी घेतली जाते, काही ठिकाणी वाइल्डर पद्धत. विक पडल्यानंतरच्या आठवड्यांत या दोन एटीआरमध्ये मोठा फरक दिसतो. एटीआरवर आधारलेल्या केल्टनर चॅनेलमध्ये तर एटीआरची लांबी अनेकदा 14 ऐवजी 10 असते. नेहमीचा, न कापलेला एटीआर मी खालीलप्रमाणे काढतो. `h`, `l`, `c` हे उच्चांक, नीचांक आणि बंद भाव आहेत आणि `top` हा शिखराचा दिवस आहे; `z` म्हणजे बंद भाव सरासरीपासून किती विचलने दूर आहे ते, आणि `depth` म्हणजे माघारीची खोली.

```python
pc = c.shift()
tr = pd.concat([h-l, (h-pc).abs(), (l-pc).abs()], axis=1).max(axis=1)
atr = tr.ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
z = (c - c.rolling(20).mean()) / c.rolling(20).std(ddof=0)
depth = (h[top] - l[top:].min()) / atr[top]
```

या दोन्ही मापांत वेळ कुठेच येत नाही, हे मात्र विसरू नये. तीन दिवसांत 2.67 एटीआर आणि बारा दिवसांत 2.67 एटीआर या वेगळ्या गोष्टी आहेत. दिशाहीन हालचाल साधारणपणे दिवसांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात पसरते, म्हणून मी खोलीला माघारीच्या दिवसांच्या वर्गमूळाने भागतो. वरच्या उदाहरणात तीन दिवसांसाठी ते 1.54 येते, तीच खोली बारा दिवसांत आली असती तर 0.77. पहिली विक्री घाईची आहे आणि दुसरी रेंगाळणारी. घाईच्या विक्रीत मी नीचांकाच्या खाली स्टॉप-लॉस ठेवताना एक पूर्ण एटीआर सोडतो, कारण पुन्हा एक विक तिथे येण्याची शक्यता खरी असते. रेंगाळणाऱ्या माघारीत अर्धा एटीआर पुरतो, पण तिथे विचलनाच्या आकड्याकडे अधिक काटेकोरपणे पाहतो, कारण हळूहळू घसरणाऱ्या भावाखाली सरासरी सपाट होत जाते आणि कल गेल्याचे चार्टवर लवकर दिसत नाही.

शेवटची तपासणी मोठ्या नाण्यांपुरतीच लागू आहे. बिटकॉइनचा बाजार कधी बंद होत नाही. दैनिक कँडल यूटीसी मध्यरात्री संपते, ती केवळ रूढी म्हणून. शिवाय विकचा नीचांक प्रत्येक एक्स्चेंजवर वेगळा असतो, बंद भाव मात्र जवळजवळ सारखे असतात. त्यामुळे एटीआर कोणत्या एक्स्चेंजच्या भावांवरून काढला याला महत्त्व आहे, विशेषतः कोसळण्याच्या दिवशी. निर्णय काठावरचा असेल तेव्हा मी तासाच्या भावांवरून कँडलची सीमा बारा तासांनी सरकवून खोली आणि विचलन दोन्ही पुन्हा काढतो, आणि दुसऱ्या एका एक्स्चेंजच्या भावांवरूनही काढतो. खोली 2.6 ची 2.4 झाली तर मी पुढे जातो. सीमा बदलताच बंद भाव सरासरीच्या वरून एक विचलन खाली जात असेल, तर तो आकडा बाजारापेक्षा घड्याळावर अवलंबून आहे, आणि त्या माघारीत मी सौदा करत नाही.